जूनमध्ये पुन्हा बसवू

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मेहकर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत, मुख्याध्यापकांच्या सहीने आणि शाळेच्या गोल शिक्क्यासह, मराठी भाषेतील एका साध्या, निर्व्यसनी क्रियापदाने पाचवीतल्या एका मुलीची शाळा सोडवली. सदर क्रियापद माझ्या हातचे होते. ते मी शुद्धीवर असताना, चांगला चहा पिऊन, स्वतःवर खूश होत लिहिले होते. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.

एवढं थाटात सांगून टाकलं म्हणजे मला जरा धीर येतो. मी तशी न भिणारी बाई. गॅदरिंगमध्ये अफजलखान मीच करते, दाढी लावून, आणि पहिल्या रांगेतली लेकरं मुततात अशी माझी ख्याती आहे. पण त्या उन्हाळ्यात मी भ्याले.

आमची शाळा जानेफळपासून जवळच, सातवीपर्यंत. शाळेचं एक पालकपत्र निघतं. दोन पानं, जानेफळहून झेरॉक्स काढून आणायची, आणि पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. पहिल्या पानावर झेंडावंदन, वृक्षारोपण आणि कोणीतरी दिलेला पाण्याचा माठ. दुसऱ्या पानावर निकाल. हे दुसरं पान कोणी वाचत नसे. वाचणार कसं? त्यात ‘आकारिक मूल्यमापन’, ‘संकलित मूल्यमापन’, ‘अध्ययन निष्पत्ती’ असे शब्द दात काढून बसलेले. एका बापाने मला विचारलं होतं, “मॅडम, आकारिक म्हंजे पोट्ट्याचा आकार वाढाले पाह्यजे का?” त्याचं पोरगं वर्गात सगळ्यांत किडकिडीत होतं. बिचारा आठ दिवस त्याला दूध पाजत होता.

मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये अभिनयासकट करून दाखवली. सगळे हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. ते म्हणाले, “मॅडम, मग यावेळी ते पान तुम्हीच लिहा. सोपं करा. जितकं करता येईल तितकं सोपं करा.”

झालं. मला रंगमंच मिळाला.

पानाचं नाव मी ठेवलं ‘तुमचं लेकरू कुठवर आलं?’ आणि खरं सांगते, पान चांगलं झालं होतं. वर्षभर वर्गात आम्ही तोंडी विचारतो, वही पाहतो, काहीतरी करून घेतो, ते आकारिक. सत्र संपलं की जी परीक्षा होते, ती संकलित. वाचनात लेकरू कुठे आहे ते मी पायऱ्यांनी सांगितलं: आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य, मग उतारा, आणि शेवटी गोष्ट. गणितात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. ‘ब-२ श्रेणी म्हणजे लेकरू वाईट नव्हे, तुमच्या शेजारच्या लेकरापेक्षा कमीही नव्हे, त्याच्या स्वतःच्या मागच्या वेळेपेक्षा पुढे आलं का ते पाहा.’ असं सगळं.

माझी एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. लिहिलेली प्रत्येक ओळ मी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकूंना वाचून दाखवायची. काकू तिसरी शिकलेल्या. चुलीपुढे बसून ऐकायच्या. ज्या शब्दाला त्यांच्या कपाळावर आठी पडली, तो शब्द मी तिथल्या तिथे कापायची. निष्पत्तीला आठी पडली, कापली. संपादणूक कापली. मग आली पाचवीची गोष्ट.

अलीकडे पाचवी आणि आठवीला पुन्हा खरी वार्षिक परीक्षा आली आहे. आधी आठवीपर्यंत कोणालाच त्याच वर्गात ठेवत नसत. आता पाचवीला प्रत्येक विषयात पन्नासपैकी निदान अठरा गुण हवेत. थोडे कमी पडले तर सवलतीचे गुण मिळतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर शाळेने त्या लेकराला उन्हाळ्यात जादा शिकवायचं आणि जूनमध्ये त्याची पुन्हा परीक्षा घ्यायची. तिच्यातही जमलं नाही तरच ते पाचवीत राहतं. आणि काहीही झालं तरी आठवी होईपर्यंत कोणत्याही लेकराला शाळेतून काढता येत नाही.

मी लिहिलं होतं, ‘ज्या विद्यार्थ्यांना अठरापेक्षा कमी गुण मिळतील त्यांना जूनमध्ये पुनर्परीक्षेस बसवण्यात येईल.’

काकूंच्या कपाळावर आठी. “पुनर्प... हे पोथीतलं हाय का व मॅडम?”

कापलं. ‘बसवण्यात येईल’ हेही सरकारी वाटलं, तेही कापलं. उरलं ते असं: ‘ज्यांना अठरापेक्षा कमी गुण मिळतील त्यांना जूनमध्ये पुन्हा बसवू. पालकांनी सहकार्य करावे.’

“आता समजलं का काकू?”

“हाव. आता समजलं.”

शाळेतून काढता येत नाही, हे वाक्य मी लिहिलंच नाही. जागा नव्हती. खाली वेलबुट्टी काढायची होती.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले, पालकपत्र वाटलं. आमच्या शाळेत पाचवीच्या चार लेकरांना पुन्हा परीक्षा द्यायची होती. तीन पोरं आणि एक पोरगी. या पोरीचा निकाल मोठा विचित्र होता. वाचनात ती वर्गात पहिली. गोष्ट तर सोडा, पेपरची पुडी सोडून चणे बाजूला ठेवून आधी पुडी वाचणारी. पण गणितात तिला पन्नासपैकी अकरा. भागाकार आला की ती पेन्सिल खाली ठेवून खिडकीबाहेर पाहायची. सवलतीचे गुण धरूनही अकराचे अठरा होत नव्हते. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, “जूनपर्यंत भागाकाराचा भुगा करू.” ती हसली नव्हती. पालकपत्र हातात धरून खालच्या ओळी वाचत होती. मला वाटलं, वाचायची आवड.

सात मेपासून सकाळी सात ते नऊ जादा वर्ग सुरू केला. तीन पोरं आली. पोरगी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांना व्हॉट्सॲप केलं की मुलगी वर्गाला दिसत नाही, अभ्यास कसा चाललाय. त्यांची वांगी, टोमॅटो, मेथीची शेती. पहाटे माल घेऊन निघणारा माणूस. दुपारी उत्तर आलं.

‘मॅडम नमस्कार. आपल्या पत्राप्रमाणे मुलीला बसवले आहे. आमचे सहकार्य राहील.’

मला काय वाटलं असेल सांगा. मला वाटलं, वा, काय बाप आहे. पोरीला घरी समोर बसवून अभ्यास करून घेतोय. मी एक अंगठा पाठवला. तेवढ्याने माझं मन भरलं नाही म्हणून वर लिहिलं, ‘छान! असंच बसवून ठेवा.’

पुढचे कितीतरी दिवस मी तीन पोरांना भागाकार शिकवत, मनातल्या मनात त्या बापाचं कौतुक करत होते. मग एका सकाळी काकू शाळेत आल्या. त्यांना सुट्टीतली भांडी मोजून खोलीत ठेवायची होती. वर्गात डोकावून म्हणाल्या, “तीनच का?”

“चौथी घरी बसते. बाप बसवतो तिला.”

“हाव, बसवलीच ना. गावात माहीत हाय सगळ्याले. दुसरबीडले पाठवली, तिच्या मावशीकडं. मावशीचं लेकरू लहान हाय, ते पाह्यते आता. वाईट वाटलं मले. वाचाले लय हुशार होती. पण तुम्हीच लिहून देल्लं तं मंग...”

खडू माझ्या हातात तसाच राहिला. वऱ्हाडात लग्न होऊन मी आले त्याला वीस वर्षं झाली. पोरीला ‘बसवली’ म्हणजे काय, हे मला काल समजलं असं नव्हे. शाळेतून काढून घरी बसवणं, हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकते, आणि ऐकलं की भांडायला जाते.

“काकू,” मी हळूच म्हटलं, “मी तुम्हाला ती ओळ वाचून दाखवली होती. तुम्ही म्हणालात समजलं.”

“समजलंच होतं. जून लागला का बसवून घ्या म्हने. मले वाटलं, सरकारचं काही नवं निघालं असंन.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुम्ही समजलं का इचारलं. काय समजलं ते कोनं इचारलं?”

तीन पोरं माझ्याकडे पाहत होती. त्यातल्या एकाने विचारलं, “मॅडम, आमाले पन बसवनार का?” आणि मला दिसलं की हे पोरगं दोन आठवडे हाच प्रश्न दप्तरात घेऊन येत होतं. त्याला वाटत होतं, शाळेतले हे त्याचे शेवटचे दिवस. मी त्याला जवळ घेतलं. म्हणजे चार घरांत, चार लेकरांच्या मनात, माझी ओळ काळोख करून बसली होती. आणि मी वेलबुट्टी काढली होती.

वर्ग तसाच सोडून मी निघाले. ऊन चढलेलं. पोरीचं घर गावाच्या टोकाला, शेताला लागून. त्या रस्त्यावर मी भांडणाची तयारी करू शकले नाही, हे सगळ्यांत वाईट होतं. एरवी मी अशा घरी जाते तेव्हा माझ्याकडे संवाद तयार असतात. पोरीला शाळेतून काढणाऱ्या बापाला मी काय काय ऐकवते, याचे माझे तीन अंक आहेत. इथे खलनायक मीच. मनात एकच हिशेब चालू होता: आज एकवीस मे. परीक्षा सोळा जूनला. आणि एकदा पोरीचा हात घरकामाला लागला, मावशीला तिची सवय झाली, की महिन्याभरात ती सवय सगळ्यांची होते. पोरीचीसुद्धा. मी अशा पोरी पाहिल्या आहेत. त्या रडत नाहीत. भेटल्या की ‘मॅडम, कशा आहात’ म्हणतात आणि डोक्यावरची घागर सावरतात.

बाप वांग्याच्या ओळीत वाकलेला होता. मला पाहून धावत आला, खाट ओढली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

“मॅडम, तुम्ही काऊन आल्या एवढ्या उन्हाचं? फोन कराचा.”

“पोरगी कुठे आहे?”

“दुसरबीडले. म्या कळवलं होतं ना तुमाले. तुम्ही छान म्हनलं.” त्याने खिशातून फोन काढला आणि मला माझाच अंगठा दाखवला. पिवळा, गुबगुबीत अंगठा. खाली ‘असंच बसवून ठेवा.’

मी म्हटलं, “अहो, मी परीक्षेला बसवा म्हणत होते. पुन्हा परीक्षेला. पोरीला घरी बसवा असं शाळा कधी लिहील का?”

त्याने फोन खिशात ठेवला. मग आत गेला आणि पालकपत्र घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत, राशनकार्डासोबत ठेवलेलं. त्याने बोट ठेवून वाचलं, “जूनमध्ये पुन्हा बसवू. पालकांनी सहकार्य करावे. मॅडम, याच्यात परीक्षा कुठं हाय?”

नव्हतीच. मी ती कापली होती.

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, “म्या म्हनलं होतं याह्यले, एक डाव शाळेत जाऊन इचारून या. तं म्हनते, शिक्का हाय, आता का इचारता. चार दिवस जेवले नाई हे. लेकीले गाडीत बसवलं आन् वावरात जाऊन बसले.”

“तू गप वं,” तो म्हणाला, पण जोर नव्हता. “आमी शाळेच्या इरोधात जाऊ का मॅडम? माह्या मनात लय होतं तिनं शिकावं. पन तिले गनित येत नाई, शाळाच म्हनते घ्या काढून, तं आमी कोन?”

“कोणी काढलं नाही तिला. आजच घेऊन येऊ.”

त्यावर त्याने विचारलं, “तवा कागदावर एक होतं. आता तुम्ही तोंडानं दुसरं सांगून राह्यल्या. मावशीले मी काय सांगू? तिच्या सासूनं इचारलं तं? खरं कोनतं, कागदावरचं का तुमच्या तोंडचं?”

म्हणजे कागद हवा. शिक्क्यासकट.

मी मुख्याध्यापकांच्या घरी गेले. ते बनियनवर पंख्याखाली बसले होते. ऐकून त्यांनी आधी पंखा बंद केला, का ते त्यांनाच ठाऊक, मग पुन्हा लावला.

“दुरुस्तीपत्र? मॅडम, म्हणजे चूक झाली असं आपणच लिहून द्यायचं? ते तालुक्याला गेलं तर? मुलगी शाळाबाह्य झाली, शाळेच्या पत्रामुळे झाली, हे... बघा, फोन करून सांगता येणार नाही का चौघांना?”

“त्यांना फोनवर विश्वास नाही. शिक्क्यावर आहे.”

ते घामाघूम झाले. मीही होतेच. नोकरीची भीती काय असते ते मला त्या दिवशी प्रथम नीट दिसलं, त्यांच्या चेहऱ्यावर आणि बहुधा माझ्याही. आम्ही दोन मध्यमवयीन माणसं एका ओळीला घाबरून समोरासमोर बसलो होतो. शेवटी ते उठले, शर्ट घातला, शाळेच्या किल्ल्या घेतल्या आणि म्हणाले, “पण यावेळी मला वाचून दाखवा आधी.”

“तुम्हाला नाही. काकूंना.”

काकूंना बोलावलं. मी लिहिलं: ‘मागच्या पत्रातली एक ओळ आमच्याकडून चुकीची लिहिली गेली. तिचा अर्थ शाळेतून काढणे असा मुळीच नाही. तुमच्या मुलीला एका विषयात, गणितात, कमी गुण आहेत. त्या विषयाची परीक्षा ती सोळा जूनला पुन्हा देईल. तोवर शाळेत रोज सकाळी तिला तो विषय शिकवला जाईल. या परीक्षेत ती पास झाली तर सहावीत जाईल. नाही झाली तर पाचवीत राहील, पण शाळेतच राहील. आठवी होईपर्यंत तिला कोणीही शाळेतून काढू शकत नाही.’

वाचून झालं. मी समजलं का विचारणार होते, जीभ चावली. “काकू, काय समजलं ते सांगा.”

काकूंनी पदर सावरला. त्यांना पहिल्यांदाच परीक्षेला बसल्यासारखं वाटत असावं. “पोरीले गनितात कमी हाय. पुन्हा पेपर देईन. शाळेत शिकवतीन. पास झाली तं सहावी, नाई तं पाचवी. घरी नाई ठेवाची.” मग थांबून म्हणाल्या, “आन् पोट्ट्याचं का? सारं पोरीचंच लिहिलं.”

बाकी तिघांच्या पत्रांत ‘मुलगा’ केलं. मुख्याध्यापकांनी चारही पत्रांवर शिक्का मारला. इतक्या जोरात मारला की टेबल हललं.

दुसऱ्या दिवशी पोरीचा बाप आणि मी मेहकरला गाडी बदलून दुसरबीडला निघालो. मी एरवी एसटीत बसले की आजूबाजूच्या चार सीटांना गप्पांना लावते. त्या दिवशी खिडकीला डोकं टेकून बसले. बाप पिशवी छातीशी धरून बसला होता, पत्र आत. मध्येच म्हणाला, “मॅडम, ते नाई म्हनली तं?”

“मावशी?”

“नाई. पोरगी.”

हा विचार मी केलाच नव्हता. उरलेला रस्ता तो विचार माझ्या मांडीवर बसून आला.

मावशीचं घर रस्त्यालाच लागून, पुढे चहा-भज्यांचं हॉटेल, मागे दोन खोल्या. आम्ही मागच्या दाराने गेलो. पोरगी कडेवर लेकरू घेऊन उभी होती. मला पाहिलं आणि ती आत पळाली. नुसती गेली नाही, पळाली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग लेकराचं रडणं.

मावशीने दार वाजवलं. “अवं उघड. तुह्या मॅडम आल्या.”

आत लेकरू रडतच होतं.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, “बाळा, मी तुला न्यायला आले.”

आतून बारीक आवाज आला. “दाखला घेऊन आल्या ना? माह्या नावाचा?”

ती तीन आठवडे त्याची वाट पाहत होती. तिला ठाऊक होतं की शाळा सोडली की दाखला येतो. तिच्या आत्याच्या पोरीचा आला होता. मला पाहून तिला वाटलं, तो कागद आता हातात देणार. बापाने पत्र काढलं आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवलं.

आत लेकराचं रडणं थांबलं. मग आम्हाला तिचा आवाज ऐकू आला. ती मोठ्याने वाचत होती, वर्गात वाचायची तशी, स्वल्पविरामाला थांबून. ‘तुमच्या मुलीला एका विषयात, गणितात, कमी गुण आहेत.’ तिथे ती अडली. पुढे गेली. ‘पण शाळेतच राहील’ पर्यंत आली, आणि ते परत वाचलं. आणि परत. मावशी भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला आणि मग लगेच व्यवहाराला आली: “मंग माह्या लेकराले कोन पाह्यनार?”

बाप म्हणाला, “सुट्टीत येईन ना ती. शाळा नसन तवा.” आयुष्यात मी ऐकलेल्या सगळ्यांत शूर वाक्यांपैकी ते एक होतं, कारण मावशीची सासू तेव्हा दारातच येऊन उभी राहिली होती.

कडी उघडली.

परतीच्या गाडीत पोरीने मला एकच प्रश्न विचारला, “मॅडम, सतराले पाचनं भागलं का किती उरते?” मी सांगितलं नाही. तिने बोटं मोजली आणि म्हणाली, “दोन.” मी म्हटलं, “हाव.” पुढे चोवीस दिवस आम्ही भागाकारच खाल्ला आणि भागाकारच प्यालो. चिंचोके वाटले, पाच जणांत सतरा, सात जणांत पन्नास. ती चुकायची. चुकली की माझ्याकडे अशी पाहायची, जणू मी पुन्हा काहीतरी लिहून देणार आहे. ते पाहणं मी कोणाला करून दाखवलेलं नाही. ती नक्कल मला जमत नाही.

परीक्षेच्या दिवशी तिच्या हाताला घाम येत होता आणि पेपर हाताला चिकटत होता. मी बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, बसा ना.” मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते म्हणाले, “सॉरी.”

पेपर दुसऱ्या शिक्षकाने तपासले. तोंडी धरून तिला गणितात चोवीस. मी ते दोनदा बेरीज करून पाहिलं, मग मुख्याध्यापकांनी केलं, मग आम्ही दोघांनी मिळून. चोवीसच होते. बाकी तिघेही पास झाले, एक तर काठावर, अगदी अठरा.

निकालाचं पत्र पुन्हा मीच लिहायचं होतं. यावेळी मी अतोनात काळजी घेतली. प्रत्येक घरासाठी वेगळं पत्र. एकही ओळ कोणाला चुकीची समजू नये म्हणून आधी सगळं समजावलं: दहा गुण तोंडी, चाळीस लेखी, दोन्ही मिळून पन्नास, पन्नासपैकी अठरा का लागतात, मागच्या वेळी किती होते आणि आता किती, भागाकारात काय सुधारलं आणि घरी अजून काय करून घ्यायचं. काकूंना वाचून दाखवलं. काय समजलं ते विचारलं. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं, फक्त मध्येच एकदा जांभई दिली.

जूनच्या शेवटी शाळा उघडली त्या दिवशी चारही पालकांना बोलावलं. पोरीची आई आली. बाप फाटकाबाहेर मोटारसायकलवरच बसून राहिला, आत यायची त्याची छाती होईना. आई व्हरांड्याच्या पायरीवर बसली, पत्र मांडीवर घेतलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. तोंडी. दहा. लेखी. चाळीस. तिच्या ओठांवर घाम होता. पोरगी खांबाला मिठी मारून उभी. पान उलटलं. बोट चालत राहिलं, मागच्या वेळी अकरा, आता चोवीस, बाकी उरणारा भागाकार, रोज पाच उदाहरणं. बोट अगदी तळाशी, सहीच्या वरच्या ओळीवर आलं आणि थांबलं. तिने ती ओळ मनात वाचली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले, आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं:

“अवं मॅडम, पोट्टी सहावीत गेली तं हे पह्यल्या ओळीत लिहाले तुमचं काय जात होतं, माहा जीव जात होता ना इथं!”